आत्मा, स्वर्ग, पुनर्भेट यातलं काहीही न म्हणता लिहिलेलं एक स्मरणगीत : एक प्रकरण

मी निवृत्त संगीत शिक्षक. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. आसपासच्या घरांत कुणी गेलं की पेटी घेऊन बसायला मला बोलावतात, हे गेली वीसेक वर्षं चाललंय. खालचं प्रकरण खरं आहे, पण घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि नावं, गाव काहीच देत नाही. मयताच्या वेळी गाणारे, गाणं लिहिणारे, सूत्रसंचालन करणारे यांच्या उपयोगाचं होईल म्हणून जरा सविस्तर लिहिलंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पार्श्वभूमी

गेलेल्या बाई एकाहत्तर वर्षांच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खं गाव त्यांना नर्सबाई म्हणूनच ओळखायचं. घर बौद्ध. थोरला मुलगा बँकेत, वाचणारा, धम्माच्या बाबतीत एकदम स्पष्ट मतांचा. मुलगी विपश्यना करणारी, इगतपुरीला शिबिरांना जाऊन आलेली. धाकटा दुबईला, त्याची बायको वारकरी घरातली, म्हणजे तिचे वडील माळकरी, दरवर्षी पंढरीला पायी जाणारे. शिवाय बाईंची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली पण ओव्या शेकड्यानं पाठ. आणि नात सात वर्षांची.

बाई शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास गेल्या. धाकटा शनिवारी सकाळीच पोचणार होता म्हणून शवपेटी मागवली आणि अंत्यविधी शनिवारी अकराला ठरला. मला फोन आला शुक्रवारी संध्याकाळी सहाला. थोरला म्हणाला, "सर, जय भीम. आई गेली. उद्या तुम्ही एखादं गाणं म्हणावं असं ताईचं म्हणणं आहे. पण ते नेहमीचं नको."

नेहमीचं म्हणजे काय हे त्यानं सांगितलं नाही, पण मला बरोब्बर कळलं. मी स्वतः भजनी मंडळात वाढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी एका बौद्ध सहकाऱ्याच्या घरी शोकसभेत मी सवयीनं एक भजन म्हटलं होतं, त्यात आत्मा अमर होता, वैकुंठ होतं, सगळंच होतं. कुणी काही बोललं नाही. फक्त सहकाऱ्याची बायको मधेच उठून आत गेली. मला वाटलं रडू आवरेना म्हणून गेली असेल. खरं कारण मला कित्येक महिन्यांनी तिच्या मुलाकडून कळलं आणि ते अजून मनात सलतंय. ज्या दिवशी माणूस उलटून बोलू शकत नाही त्याच दिवशी मी त्यांच्या घरात माझी श्रद्धा त्यांच्या आईच्या तोंडी घातली होती.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहिलं तर सोपं वाटतं, की देवाचं नाव घेऊ नका, झालं. पण तसं नाहीये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही सहावी प्रतिज्ञा आहे. आत्मा ही कल्पनाच बुद्धानं नाकारलेली. म्हणजे "आत्म्यास शांती लाभो" हे आपण सगळीकडे डोळे झाकून लिहितो ते वाक्यच इथं चुकीचं. "स्वर्गीय" नाही, "कैलासवासी" नाही, हे लोक "कालकथित" म्हणतात. हे मला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते हे की एकाच घरात, एकाच धम्मात, दोन मतं असतात. रात्री आठला मी घरी जाऊन बसलो तेव्हा थोरला म्हणाला की पुनर्जन्माबद्दल एक अक्षर नको, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारलाय. ताई शांतपणे म्हणाली, आत्मा नाही हे मलाही मान्य आहे दादा, पण प्रवाह पुढे चालू राहतो असं मी मानते, आणि गाण्यात "सगळं संपलं" असं आलं तर ते मला चालणार नाही. म्हणजे गाण्यानं पुनर्जन्म सांगायचा नाही, आणि नाकारायचाही नाही. मला वाटतं इथंच बहुतेक लोक फसतात. "काही उरत नाही, माती मातीला मिळाली" असं लिहिलं की आपल्याला वाटतं आता कुणाची श्रद्धा दुखावणार नाही, पण तोसुद्धा मेल्यानंतरच्या गोष्टीबद्दलचा दावाच आहे की.

त्यात मावशी. त्या कोपऱ्यात बसून नुसतं "माझी पाठची बहीण पुढं गेली गं" एवढंच म्हणत होत्या. त्यांना धम्मचर्चेशी देणंघेणं नव्हतं, त्यांना रडायला शब्द हवे होते. आणि नात. शेजारच्या एका काकूंनी तिला दुपारीच सांगून टाकलं होतं की आजी आता आकाशात तारा झाली. ताईला ते लागलं होतं. ती मला म्हणाली, "सर, उद्या ती जे ऐकेल ते मोठेपणी आम्हाला खोडून काढावं लागू नये एवढं बघा."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला म्हणजे गाणंच नको. बौद्धाचार्य येणार होतेच, त्रिसरण पंचशील होणार, "अनिच्चा वत सङ्खारा" ही गाथा होणार. तिच्यात सगळं आहे, की जे जे घडतं ते अनित्य, उपजणं आणि विरणं हा त्याचा स्वभाव. थोरल्याला हेच पुरेसं वाटत होतं आणि खरं सांगायचं तर शास्त्रानं पाहिलं तर ते बरोबरच होतं. अडचण एवढीच की पाली मावशीला कळत नाही, सुनेच्या माहेरच्यांना कळत नाही, आणि बाईंनी ज्यांची बाळंतपणं केली त्या बायकांनाही कळत नाही. आपल्या भाषेत कुणीतरी काहीतरी म्हणावं ही गरज त्या घरात स्पष्ट दिसत होती.

दुसरा पर्याय मी स्वतःच सुचवला आणि मग स्वतःच मागे घेतला. ओळखीच्या भजनातले तेवढे शब्द बदलायचे. आत्म्याच्या जागी आठवण, वैकुंठाच्या जागी अजून काहीतरी. हे करू नये असं माझं आता पक्कं मत झालंय. चाल ओळखीची असली की लोकांच्या तोंडून जुनेच शब्द येतात, तुम्ही माईकवर काहीही म्हणा. वर त्यात उसनेपणा दिसतो.

तिसरा पर्याय एखादं बुद्धगीत किंवा भीमगीत. ताईनं नाही म्हटलं. ती गाणी अभिमानाची, चळवळीची, आईला आवडायचीच. पण उद्या आई समोर असणार आणि तिचं नावनिशाण त्यात नसणार.

राहिला चौथा पर्याय, की नवीन छोटं गाणं. हाताशी एक रात्र. मी एक अट घातली, सकाळी सातला वाचून दाखवीन, तुमच्यापैकी एकालाही एक ओळ टोचली तर गाणं रद्द, फक्त पाली गाथा होईल. ही अट घातल्यामुळे थोरला पहिल्यांदा जरा मोकळा झाला असं मला जाणवलं. रद्द करता येणार नाही अशी गोष्ट दुःखातल्या माणसाच्या गळ्यात मारू नये.

त्या दीड तासात काय विचारलं

मी आठ ते साडेनऊ बसलो. "आई कशी होती" असं विचारलं तर प्रेमळ होती, कष्टाळू होती असलीच उत्तरं येतात, त्यातून गाणं निघत नाही. म्हणून विचारलं की तुम्ही दारातून आत आलात की आई पहिलं वाक्य काय बोलायची?

तिघंही एकदम म्हणाले, "आधी हात धू."

बाळंतिणीच्या खोलीत, जेवायच्या आधी, बाहेरून आल्यावर, कुणाचं तान्हं बाळ हातात घ्यायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. सुनेनं सांगितलं की लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मलाही सांगितलं आणि मला राग आला होता, आता मी माझ्या माहेरच्यांना सांगते. थोरला म्हणाला की मी बँकेतून आल्यावर चपला काढायच्या आधी नळाकडे जातो. असं बोलता बोलता तो हसला आणि मग एकदम रडायला लागला, दिवसभरात पहिल्यांदाच.

मावशीला विचारलं लहानपणीचं काय आठवतं. त्या म्हणाल्या, दोघी मिळून पहाटे दळायचो, ती जात्यावर झोपायची, मी एकटीच ओढायचे. आणि मग त्यांचं ते वाक्य पुन्हा, पाठची बहीण पुढं गेली.

पहिला खर्डा आणि तो का चुकला

रात्री साडेदहाला लिहायला बसलो. छंद कुठला घ्यायचा हा आधी प्रश्न. सहा सहा सहा चारचा मोठा अभंग माझ्या हातचा, पण तो कानावर पडला की विठ्ठल समोर उभा राहतो. आठ आठ अक्षरांची जोड घेतली, ओवीच्या वळणाची. ओवी कुठल्या एका पंथाची नाही, जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या बायकाही आहेत आणि रामाच्या गाणाऱ्याही. मावशीच्या गळ्याला ते वळण आपोआप सापडणार होतं.

पण शब्द बघा माझे काय आले.

दूर गेली माय माझी, शांत देशी विसावली
सांज झाली, दिवा विझे, ज्योत आकाशी मिळाली
पुन्हा येशील ग माये, लेक वाट तुझी पाहे

बाराच्या सुमारास वाचून बघितलं तर प्रत्येक ओळीत मी काहीतरी कबूल करून बसलो होतो. "शांत देशी" म्हणजे जागा आली, ती कुठेतरी आहे असं ठरलं. "ज्योत आकाशी मिळाली" हा तर आत्मा परमात्म्यात विलीन झाल्याचाच दृष्टान्त, फक्त नाव घेतलेलं नाही. आणि "दिवा विझे" त्याहून अवघड, कारण निर्वाण या शब्दाचा मूळ अर्थच विझणं. बौद्ध माणसाच्या कानाला त्यातून आईला निर्वाण मिळालं असं ऐकू येऊ शकतं, आणि तसं म्हणणं हा मोठा दावा आहे, तो घरचे स्वतः करत नाहीत. तिसऱ्या ओळीत तर सरळ परत येण्याचं वचन.

देव, आत्मा, स्वर्ग यातला एकही शब्द नव्हता बरं का. तरी तिन्ही ओळी बाद. म्हणजे शब्दांची यादी करून गाळणी लावली की काम झालं असं मी समजत होतो ते चूक. मग मी गाळणी बदलली. प्रत्येक ओळीला तीन गोष्टी विचारायच्या ठरवल्या. गेलेलं माणूस कुठेतरी आहे असं ही ओळ म्हणते का, पुढे काही होणार आहे असं म्हणते का, आणि ते आपलं ऐकतंय किंवा बघतंय असं म्हणते का. जागा, भविष्य आणि कान. या तिन्हीतलं काही निघालं तर ती ओळ काढायची, मग ती कितीही गोड असो. उरतं ते काय, तर जे त्या अंगणातला कुणीही माणूस उभा राहून "हो, हे मी पाहिलंय" म्हणू शकेल ते. तिनं काय केलं, आपल्यात काय राहिलं, आणि आपल्याला आत्ता काय होतंय.

मला भीती होती की असं सगळं काढून टाकल्यावर नुसता अहवाल उरेल, सांत्वन कुठून येणार. पण हात धुण्याची गोष्ट आठवली आणि ध्रुवपद एका दमात आलं.

गेली माय, गेली माय, रिती झाली ओसरी ही
तिने लावली सवय हातांतून गेली नाही

सवय हातांतून गेली नाही, यात कुणाला काय मानायचं ते मानू दे, हे खरंच आहे. ताईच्या प्रवाहालाही धक्का नाही आणि थोरल्याच्या बुद्धीलाही नाही.

सकाळी सातची बैठक

रात्री एकपर्यंत चार कडवी झाली. सकाळी धाकटाही पोचला होता, डोळे लाल, त्याच कपड्यांत. मी पेटी न घेता नुसतं वाचलं, कारण चालीत वाचलं की लोक शब्द ऐकत नाहीत, आणि आपल्याला तर शब्दच तपासून घ्यायचे होते.

रात्री बेरात्री निघाली, हाती बॅटरीचा दिवा
गावागावात रडला तिच्या हाती जीव नवा

इथं कुणाचाच प्रश्न नव्हता. सुनेनं मान हलवली, तिचं पहिलं बाळंतपण सासूबाईंच्याच हातचं.

पाठची माझी बहीण पुढं कशी गेली ग ती
दोघी मिळून दळलं, जातं राहिलं सोबती

थोरला थांबला. "पुढं गेली म्हणजे कुठं?" माझ्याच गाळणीतून ही ओळ मी सोडली होती, कारण ती मावशीची होती. मी म्हटलं, ही जागा नाही, ही पाळी आहे, पाठची आधी गेली एवढाच अर्थ. तो जरा विचार करत होता तेवढ्यात मावशी आतून म्हणाल्या, "अरे बाळा, मी मोठी ना, माझा नंबर आधी होता." त्यानंतर तो काहीच बोलला नाही, ओळ राहिली. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. नियम आपण केलेला असतो आणि दुःख त्यांचं असतं.

मूठभर मोहरीला दारोदार फिरे बाई
मरणाला ठावं नाही असं घर कुठे नाही

किसा गोतमीची गोष्ट या घरात सगळ्यांना माहीत. मेलेलं बाळ घेऊन औषध मागत आलेली आई, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण असं बुद्ध तिला सांगतात. तिला मिळतं ते उत्तर परलोकाचं नाही, ते शेजारणींकडून मिळतं. आणि गंमत म्हणजे गोष्ट माहीत नसलेल्यालाही या दोन ओळी कळतात, म्हणून मी त्यात बुद्धाचं नाव घातलं नाही. थोरल्याला ते आधी खटकलं, नाव हवं म्हणाला. ताईच म्हणाली की दादा, वंदना आहेच ना आधी, गाण्यात सगळ्यांना येऊ दे.

चौथ्या कडव्याची मूळ पहिली ओळ माझी अशी होती, "माये, बघ आम्ही सारे". तिथं धाकटा म्हणाला, "सर, आई बघत नाहीये हो." फार हळू म्हणाला. माझ्या गाळणीतला तिसरा प्रश्न, कान आणि डोळे, तोच मी माझ्या ओळीला विचारायला विसरलो होतो, रात्री एक वाजता. यावर थोडा वेळ गेला कारण ताईला आईशी एकदा तरी "तू" म्हणून बोलायचं होतं. माणूस गेलेल्याशी बोलतो ते तो ऐकतोय म्हणून नाही बोलत, राहवत नाही म्हणून बोलतो, हे तिचं म्हणणं मला पटलं होतं. पण सगळ्यांनी मिळून गायचं गाणं आणि एकटीनं बोलायचं वाक्य यात फरक आहे, जे शंभर लोकांच्या तोंडी जातं ते विधान होतं. शेवटी असं ठरलं की गाणं सगळं तृतीय पुरुषात राहील, आणि ताई खांदा द्यायच्या आधी तिला जे म्हणायचं ते आईच्या कानाशी म्हणेल, माईकशिवाय. कडवं तिथंच बसून बदललं.

रडू द्या ग, रडू द्या रे, डोळे पुसा एकमेकां
तिने दिलं तेच देऊ, हात सोडू नका नका

"सुटली बिचारी" असा सूर कुठेही येऊ दिला नाही हेही सांगून ठेवतो. शेजारी सगळे तेच म्हणत होते कारण बाई सहा महिने अंथरुणावर होत्या. ताई म्हणाली होती की आई सुटली असेल नसेल, मला ती हवी होती.

प्रत्यक्ष अंत्यविधी

आठला गाण्याची प्रत झेरॉक्सला दिली, साठ कॉपी. दुकानातल्या मुलानं टाईप करताना वर आपोआप "कै." लावलं. सवयच ती, मयताच्या पत्रिका तो रोज करतो. मी न बघता गठ्ठा उचलला आणि घरी आल्यावर सुनेच्या लक्षात आलं. रात्रभर जागून एकेक शब्द पारखला आणि सगळ्यात वरचाच शब्द चुकला. मग सुनेनं, तिच्या भावानं आणि मी बसून साठ कागदांवर पेनानं खोडून "कालकथित" लिहिलं. थोरल्यानं ते पाहिलं, काही बोलला नाही, एक पेन घेऊन तोही बसला.

बौद्धाचार्यांना मी आधीच भेटून घेतलं होतं. त्यांची एकच सूचना, याला प्रार्थना म्हणू नका, कारण प्रार्थना म्हटलं की कुणाकडे तरी काही मागणं आलं. स्मरणगीत म्हणा. जागा त्यांनीच ठरवली, त्रिसरण पंचशील झालं की लगेच, गाथेच्या आधी, म्हणजे शेवटचे शब्द गाथेचेच राहतील. मला हे फार योग्य वाटलं. गाण्यानं विधीची जागा घ्यायची नसते.

स्वर काळी एक धरला, चाल मंद्र नीपासून वर पंचमापर्यंतच ठेवली. रडून गळा दाटलेला असतो, वरचे स्वर लागत नाहीत आणि न लागले की लोक गप्प होतात. ढोलकी नाही, नुसती पेटी. एक माणूस फक्त उजव्या हातानं मांडीवर हलकं धरत होता तेवढाच ठेका. प्रत्येक ओळ मी आधी म्हणायची, मग सगळ्यांनी. चारेक मिनिटांत संपलं.

पहिल्या ध्रुवपदाला पाच दहा लोक म्हणत होते. बॅटरीच्या दिव्याला मागून बायकांचा आवाज आला, त्या सगळ्या बाळंतिणी, काहींची मुलं मिशा फुटलेली बाजूला उभी. पाठच्या बहिणीचं कडवं मावशींनी एकटीनंच म्हटलं, माझ्या आधी, माझ्या चालीत नाही, त्यांच्या जात्याच्या चालीत. मी पेटीवरून हात काढून घेतला.

सुनेचे वडील हातात टाळ घेऊन आले होते. मला धाकधूक होती, त्यांनी सवयीनं एखादा अभंग सुरू केला तर त्यांना थांबवायचं कुणी. हा प्रश्न आदल्या रात्रीच मी काढायला हवा होता, काढला नाही. थोरल्यानंच सांभाळलं. गाणं संपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, "मामा, आईबद्दल तुम्ही दोन शब्द बोलाल का?" ते बोलले, नातवाच्या जन्माच्या रात्रीबद्दल बोलले, टाळ पिशवीतच राहिले. जाताना मला म्हणाले की ओवी बरी धरलीत, आम्हालाही म्हणता आली.

परिणाम

अंत्यविधीवरून परत आल्यावर दाराशी हातपाय धुवायचेच असतात, ते सगळीकडेच करतात. नात नळाशी उभी होती, साबण हातात घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कोपरापर्यंत म्हणत होती. ताईनं मला नंतर सांगितलं की तिनं विचारलं होतं, गाण्यातली सवय म्हणजे कोणती, आणि उत्तर देताना पहिल्यांदा कुणालाच अडखळावं लागलं नाही. ताऱ्याचा प्रश्न तिनं नंतर विचारलाच, पण तो वेगळा बसून बोलता आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाणं पुन्हा झालं. थोरल्याच्या एका मित्रानं गाणं फार साधं आहे, त्यात धम्म कुठाय असं विचारलं. थोरला म्हणाला, मोहरीत आहे. दुसरीकडे गल्लीतल्या एक दोघांना ते कोरडं वाटलं, निदान भेटू पुन्हा असं तरी हवं होतं म्हणाले. त्यांचं वाटणं खोटं नाही. ज्याला पुनर्भेटीच्या वचनानं आधार मिळतो त्याला या गाण्यानं तो मिळणार नाही, आणि तो द्यायचा प्रयत्नही मी केलेला नव्हता.

आता वेगळं काय करीन

एक, तिथं येणाऱ्यांत दुसऱ्या श्रद्धेचं जवळचं माणूस कोण आहे आणि त्याच्या दुःखाला कुठली जागा देणार, हे घरच्यांना आदल्या रात्रीच विचारीन. मामांचं निभावलं ते थोरल्याच्या समजूतदारपणामुळे, माझ्या तयारीमुळे नाही.

कागदाचं तर सरळ आहे, गाण्याच्या ओळींबरोबर वरची खालची प्रत्येक ओळ मीच लिहून देईन, नाव आणि उपाधीसकट, आणि छापून आल्यावर दुकानातच उभा राहून वाचीन.

मावशींना आधी त्यांच्या चालीत म्हणून घ्यायला सांगीन आणि सगळं गाणं त्याच चालीवर बसवीन. माझी चाल वाईट नव्हती, पण त्यांनी म्हटल्यावर ती बाहेरची वाटली.

"रडू द्या" बद्दल मी अजून द्विधा आहे. ताईनं आक्षेप घेतला नाही, पण मोठ्यानं रडण्यापेक्षा समतेनं बघणं ही तिची साधना, आणि ती ओळ एका अर्थी तिला काहीतरी करायला सांगते. "रडू आलं तर रडा" एवढं सैल काही आठ अक्षरांत बसलं असतं तर बरं झालं असतं. दोन तीनदा प्रयत्न केला, अजून बसलं नाही.

महिन्याभरानं दुसऱ्या एका घरातून फोन आला, वडील शिंपी होते, तेच गाणं नाव बदलून म्हणाल का. मी नाही म्हटलं, बॅटरीचा दिवा त्यांचा नाही. पण संध्याकाळी जाऊन बसलो आणि विचारलं की बाबा दुकानातून आल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचे. मुलगा म्हणाला, बोलायचे नाहीत, शर्टाला टोचलेल्या सुया काढून मोजायचे. वहीत तेवढंच लिहिलं आणि चहा आला.